मदत हवी आहे: क्षेत्रफळाचा प्रभाव वजा केला, तरी बेडरूमचा सहगुणक जुळत नाही

धंतोलीकर: नमस्कार. नागपुरातील घरभाड्यांवर लघुप्रबंध करण्यापूर्वी मी सरावासाठी सहा फ्लॅटची बेतीव आकडेवारी घेतली आहे. 600 चौरस फुटांचे दोन फ्लॅट आहेत. एका बेडरूमच्या फ्लॅटचे भाडे 10,500 आणि दोन बेडरूमच्या फ्लॅटचे 8,500 रुपये. 1000 चौरस फुटांत दोन बेडरूमला 15,000 आणि तीनला 14,000, तर 1400 चौरस फुटांत तीन आणि चार बेडरूम असूनही दोन्हींचे भाडे 19,500 आहे. केवळ बेडरूमवर भाड्याचे रिग्रेशन केल्यास प्रत्येक बेडरूममागे सुमारे 3,364 रुपयांची वाढ दिसते. क्षेत्रफळही घातले की तोच सहगुणक उणे 1,000 होतो. या उणे 1,000 चा अर्थ समजावा म्हणून मी भाड्यातून क्षेत्रफळाचा प्रभाव काढून टाकला आणि उरलेल्या भाड्याचे बेडरूमवर रिग्रेशन केले, तर उत्तर उणे 273 आले. माझे नेमके कुठे चुकले?

मनीषनगर_भाडेकरू: तीन बेडरूमसाठी मी दोनपेक्षा बरेच जास्त भाडे मोजतो आहे. बेडरूम वाढल्यावर भाडे कमी होत असेल, तर असा घरमालक मला दाखवाच. आकडे भरताना चूक झाली असावी.

अंशतः_सांख्यिक: आकडे बरोबर असावेत. क्षेत्रफळ आणि बेडरूम एकमेकांशी घट्ट बांधलेले आहेत, त्यामुळे सहगुणक अस्थिर होतो आणि त्याचे चिन्हही उलटते. क्षेत्रफळ वगळा, प्रश्न सुटेल.

जुना_प्राध्यापक: क्षेत्रफळ वगळल्याने अडचण सुटत नाही, प्रश्नच बदलतो. चिन्ह का उलटले ते आपल्याच आकड्यांत दिसते.

धंतोलीकर, आपण भाड्यावरचा क्षेत्रफळाचा प्रभाव सोलून काढला, पण बेडरूम तशाच सोलायच्या राहिल्या. बेडरूमचे क्षेत्रफळावर रिग्रेशन करून पाहा. 600 फुटांत सरासरी दीड, 1000 मध्ये अडीच आणि 1400 मध्ये साडेतीन बेडरूम अपेक्षित आहेत. म्हणजे प्रत्येक आकारातील एक फ्लॅट अपेक्षेपेक्षा अर्ध्या बेडरूमने कमी आणि दुसरा अर्ध्याने जास्त आहे. हे अधिक-उणे अर्धेच या सहगुणकाचे सारे भांडवल आहे. 1400 फुटांचा फ्लॅट 600 फुटांच्या फ्लॅटपेक्षा महाग आहे, ही माहिती त्यात उरतच नाही. आता उरलेले भाडे पाहा: 600 मध्ये अधिक आणि उणे 1,000, 1000 मध्ये अधिक आणि उणे 500, 1400 मध्ये शून्य. याचे त्या अर्ध्यांवर रिग्रेशन केले की उणे 1,000 बरोबर मिळतात.

```r
rx <- resid(lm(bhk ~ area))
ry <- resid(lm(rent ~ area))
coef(lm(ry ~ rx))
```

तिसऱ्या ओळीत `ry` ऐवजी मूळ `rent` ठेवले तरी सहगुणक तोच येतो, कारण `rx` चा क्षेत्रफळाशी काहीच संबंध उरलेला नसतो. बेडरूम मात्र सोलाव्याच लागतात. न सोललेल्या बेडरूमच्या चढउताराची वर्गबेरीज 5.5 आहे, सोललेल्यांची केवळ 1.5. आपण भागाकारात 5.5 वापरलेत, म्हणून 1,000 चे 273 झाले. ही गोष्ट फ्रिश आणि वॉ यांनी 1933 मध्ये काळानुसार असलेला कल वजा करण्याबाबत दाखवली आणि लव्हेल यांनी 1963 मध्ये ती व्यापक केली.

मनीषनगरचे म्हणणे 3,364 च्या प्रश्नाचे उत्तर आहे: त्यांचे तीन बेडरूमचे घर बहुधा मोठेही आहे. उणे 1,000 हा तेवढ्याच जागेत आणखी एक भिंत घालून खोल्या लहान करण्याचा हिशेब आहे.

अंशतः_सांख्यिक: मान्य, पण 5.5 चे 1.5 होणे म्हणजेच माझी अस्थिरता नव्हे का?

जुना_प्राध्यापक: होय, तेवढे आपले खरे. सोलल्यावर कमी उरले की प्रमाणत्रुटी वाढते. ते चिन्ह उलटण्याचे कारण मात्र नाही.

धंतोलीकर: मनःपूर्वक आभार, उणे 1,000 मिळाले. मात्र तिसऱ्या ओळीच्या रिग्रेशनमध्ये प्रमाणत्रुटी 408 दिसते आणि मूळ रिग्रेशनमध्ये 471.

जुना_प्राध्यापक: 471 धरा. क्षेत्रफळाचा सहगुणक आपण आधीच काढून घेतला आहे, हे तिसऱ्या ओळीला ठाऊक नसते. ती मुक्ततेच्या मात्रा 3 ऐवजी 4 मोजते. खऱ्या आकडेवारीत आणखी एक सापळा असतो. एखाद्या फ्लॅटचे भाडे नोंदलेले नसेल, तर पहिली ओळ त्याला धरते आणि दुसरी वगळते. आधी अपूर्ण नोंदी काढून टाका, म्हणजे दोन्ही ओळींना तेच फ्लॅट मिळतील.

मनीषनगर_भाडेकरू: म्हणजे माझ्या घरमालकाने गच्चीवर एक बेडरूम बांधली, तर भाडे वाढणार की कमी होणार?

जुना_प्राध्यापक: गच्चीवर बांधल्यास क्षेत्रफळही वाढते, त्यामुळे त्याला उणे 1,000 लागू करता येणार नाहीत. दोन्ही सहगुणक एकत्र वापरावे लागतील: बेडरूमचे उणे 1,000 आणि दर 100 चौरस फुटांमागे अधिक 1,500. खोली 100 फुटांची असेल, तर हिशेब अधिक 500 वर येतो.

धंतोलीकर: मग प्रबंधात क्षेत्रफळ ठेवावे की नाही? माझ्या मार्गदर्शकांना "बेडरूमचा परिणाम" एवढेच हवे आहे.

अंशतः_सांख्यिक: मी अजूनही दोन्ही रिग्रेशन शेजारी-शेजारी छापावीत असेच म्हणेन.

जुना_प्राध्यापक: तसे छापता येईल, पण आधी मार्गदर्शकांना विचारा की त्यांच्या मनात भिंत आहे की गच्ची.