मदत हवी आहे: चिठ्ठ्या टाकून गट पाडता येत नाहीत, मग तुलना गट कसा निवडू?

रेघपाटी
नमस्कार. मी सातवीला गणित शिकवते आणि सोबत संशोधन करते आहे. विषय असा: अपूर्णांक संख्यारेषेवर शिकवले तर मुलांना ते जास्त समजतात का? सातवीच्या चार तुकड्या आहेत. क आणि ड माझ्याकडे, अ आणि ब माझ्या सहकारी बाईंकडे. वेळापत्रक ठरलेलं असल्यामुळे मुलं इकडची तिकडे करता येणार नाहीत, म्हणजे यादृच्छिक वाटणीचा प्रश्नच मिटला.

माझ्या दोन तुकड्या प्रायोगिक गट आणि बाईंच्या दोन तुलना गट, असं ठरवून ३० गुणांची पूर्वचाचणी घेतली. माझ्या ७६ मुलांचं मध्यमान १४.२ आलं, बाईंच्या ७९ मुलांचं १७.४. प्रमाण विचलन दोन्हीकडे ५ च्या आसपास. तुकड्या मागच्या वर्षीच्या गुणांवरून पाडलेल्या असल्याने हे होणारच होतं.

आता मी असं केलंय: दोन्हीकडून सारखे गुण असलेली मुलं शोधून ४८ जोड्या लावल्या. जोड्यांमध्ये दोन्ही गटांचं मध्यमान जवळजवळ १६ येतं, म्हणजे गट समान झाले. मार्गदर्शकांना हे पटलंय, पण मला रात्री झोप लागत नाहीये. काहीतरी चुकतंय असं वाटतं, नेमकं काय ते सांगता येत नाही.

खडूफळा
तुलना गट हवाच कशाला? मी मागे माझ्या एकाच वर्गाची आधी आणि नंतर चाचणी घेतली होती, सरासरी ६ गुणांनी वाढली. अहवाल मंजूर झाला. तुम्ही उगाच त्रास करून घेताय.

रेघपाटी
दादा, सहा आठवडे अपूर्णांक शिकवले तर कुठल्याही पद्धतीने गुण वाढणारच ना? मला प्रश्न संख्यारेषेचा आहे. वाढ तिच्यामुळे झाली की नुसत्या शिकवण्यामुळे, हे एकाच वर्गावरून कसं कळणार?

तिसरा_बाक
जोड्या लावायची गरज नाही. सगळी मुलं ठेवा आणि पूर्वचाचणी सहचल धरून सहविचरण विश्लेषण करा. सुरुवातीचा फरक त्यात वजा होतो. आमच्याकडे सगळे हेच करतात.

मोजपट्टी
रेघपाटी, तुमची शंका रास्त आहे. जोड्यांचंच बोलतो, कारण खरा खड्डा तिथे आहे.

तुमच्या चाचणीची विश्वसनीयता ०.७ आहे असं धरू. म्हणजे एखाद्या मुलाला १६ मिळाले, तर त्यात थोडा वाटा त्या दिवशीच्या नशिबाचा असतो. तुमच्या गटात १६ म्हणजे सरासरीच्या वर. अशा मुलांत त्या दिवशी नशिबाने साथ दिलेली मुलं जास्त असणार. बाईंच्या गटात १६ म्हणजे सरासरीच्या खाली, तिथे नेमकं उलट. काहीही न शिकवता पुन्हा तशीच चाचणी घेतलीत, तर दोघंही आपापल्या गटाच्या सरासरीकडे सरकतील. तुमचं मूल अंदाजे १४.२ + ०.७ × १.८ म्हणजे १५.५ वर येईल. बाईंचं मूल १७.४ − ०.७ × १.४ म्हणजे १६.४ वर जाईल. कुणी काही केलेलं नसताना तुमचा गट सुमारे १ गुणाने मागे दिसेल. संख्यारेषेचा खरा फायदा १ गुणाचा असेल, तर तुमच्या प्रबंधात तो शून्य दिसेल.

हे कागदावरचं भय नाही. अमेरिकेत हेड स्टार्ट या कार्यक्रमाचं १९६९ मध्ये मूल्यमापन झालं, तेव्हा गरीब वस्तीतल्या मुलांना तुलनेने बऱ्या स्थितीतल्या मुलांशी असंच जुळवलं होतं. कॅम्पबेल आणि एर्लेबाकर यांनी १९७० मध्ये दाखवून दिलं की अशा जुळवणीमुळे उपयोगी कार्यक्रमही निरुपयोगी, किंबहुना अपायकारक दिसू शकतो.

तिसरा_बाक, सहविचरण विश्लेषण चांगलंच आहे, पण सहचलातच मोजमापाची चूक असेल तर ते ३.२ चा फरक पूर्ण वजा करत नाही. इथे ते साधारण ७० टक्केच वजा करेल. उरलेला फरक तोच, १ गुण.

तिसरा_बाक
हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मग सरळ वाढ मोजावी का? उत्तरचाचणी वजा पूर्वचाचणी?

मोजपट्टी
त्यालाही अट आहे: काहीच वेगळं केलं नसतं तर दोन्ही गट सारख्याच वेगाने वाढले असते, हे खरं असलं पाहिजे. पुढे असलेली मुलं बरेचदा वेगानेही पुढे जातात. एकाच पूर्वचाचणीवरून हे कळत नाही. उपक्रमाआधी महिनाभराच्या अंतराने दोन पूर्वचाचण्या घेतल्या तर कळतं. ३.२ चा फरक दुसऱ्या वेळी ४ वर गेला, तर समजायचं की वेग आधीपासूनच वेगळे आहेत.

पण रेघपाटी, त्याहून मोठी गोष्ट म्हणजे नवी पद्धत फक्त तुमच्या हातात आणि जुनी फक्त बाईंच्या हातात आहे. शेवटी जो फरक दिसेल तो संख्यारेषेचा की शिक्षिकेचा, हे कुठलंही गणित सांगू शकणार नाही. चारही तुकड्यांचे गुण वेगळे द्याल का?

रेघपाटी
क १४.०, ड १४.४. अ १७.१, ब १७.७.

मोजपट्टी
मग उत्तर तुमच्या हातातच आहे! एका शिक्षिकेच्या दोन तुकड्यांतला फरक ०.४ आणि ०.६ गुण, म्हणजे प्रमाण विचलनाच्या ०.०८ आणि ०.१२ पट. तुमच्या मूळ आखणीत तो ०.६४ पट होता. ०.२५ पटीच्या वर गेलेला फरक गणिताने सावरता येईल असं सहसा मानत नाहीत. ०.१ च्या आसपासचा सहविचरण विश्लेषणाने नीट सावरता येतो, कारण मागे उरायलाच फार थोडं असतं.

क आणि अ मध्ये संख्यारेषा, ड आणि ब मध्ये नेहमीची पद्धत. दोघी शिक्षिका दोन्ही पद्धतींनी शिकवतील. सहा आठवड्यांनी चाचणी. मग ड आणि ब ला संख्यारेषेचे तास द्या आणि पुन्हा चाचणी घ्या. आधी क-अ पुढे गेले आणि नंतर ड-ब नी ती दरी भरून काढली, तर दुसरं कुठलंही स्पष्टीकरण टिकणं अवघड. प्रत्येक चाचणीत न शिकवलेल्या भागावरचे, समजा कोनांवरचे, पाच प्रश्नही ठेवा. तिथेही क-अ पुढे गेले, तर कारण संख्यारेषा नाही.

रेघपाटी
हे वाचून खूप हलकं वाटलं. पण एक अडचण आहे, आणि ती खरी आहे. काल ड मध्ये शिकवत होते. एका मुलीने विचारलं, ३/४ मोठा की ५/८? माझा हात आपोआप फळ्यावर आडवी रेघ मारायला गेला. अर्धी मारून पुसली. एकदा पद्धत अंगात भिनली की दुसऱ्या तुकडीत ती रोखायची कशी? आणि त्या मुलीला अडवून धरणं मला योग्य वाटत नाही.

मोजपट्टी
ही गळती पूर्ण थांबत नाही. रोज तासानंतर दोन ओळी लिहा: रेघ किती वेळा वापरली, कुठल्या तुकडीत. गळतीमुळे फरक प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो, जास्त नाही, म्हणून निष्कर्ष लिहिताना ती नोंद उपयोगी पडते. मुलीचं म्हणाल तर तिला सहा आठवड्यांनी तेच मिळणार आहे, हे आखणीतच आहे.

सांजवेळ
मीही यातून गेले आहे. एक विचारते: चारच तुकड्या आहेत, मग १५५ मुलं स्वतंत्र धरून सार्थकता काढणार का? एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी असतात. माझ्या परीक्षकांनी यावरच अडवलं होतं.

मोजपट्टी
बरोबर अडवलं. चार तुकड्यांत बहुस्तरीय विश्लेषणही धड चालत नाही. मी तुकडीनिहाय फरक दोन्ही शिक्षिकांसाठी वेगळे मांडेन आणि सार्थकतेचा दावा फार ताणणार नाही. मार्गदर्शक तेवढ्यावर राजी होतील का, ते मात्र मला सांगता येत नाही.

रेघपाटी
बाईंशी आज बोलले. अ मध्ये नवी पद्धत वापरायला तयार आहेत, पण आधी माझे दोन तास बसून बघायचेत म्हणाल्या. दुसरी पूर्वचाचणी पुढच्या महिन्यात घेते आणि आकडे इथेच टाकते.