कानबाईच्या तोंडावर भावकीचा ग्रुप फुटला. बंद करावा की चालू ठेवावा?

गिरणाकाठ
आमच्या भावकीचा ग्रुप 43 जणांचा, घरं अकरा. निम्मी गावात, बाकी सुरत, नाशिक आणि पुण्यात. मंगळवारी नानांनी एका मिरवणुकीवर दगडफेक झाल्याचा व्हिडिओ टाकला. पुतण्याने तिथेच लिहिलं, "नाना, हे खोटं आहे, जुना व्हिडिओ आहे, बघून टाकत जा." मग विषय पक्षावर गेला, तिथून दोघांच्या घरांवर. रात्रीतून साठेक मेसेज झाले आणि दोन घरांतली माणसं ग्रुप सोडून गेली. कानबाई तीन आठवड्यांवर आहे, रोटाच्या गव्हाचा हिशेब अडकलाय. अ‍ॅडमिन मी आहे. फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येईल अशी सेटिंग करून टाकू का?

तापीपूर
करू नका. Group permissions मध्ये जाऊन सदस्यांचं लिहिणं बंद करायला दहा सेकंद लागतात, पण त्यानंतर प्रत्येक निरोप तुमच्या हातातून जाईल. नानांचा निरोप तुम्ही टाकला आणि पुतण्याचा राहिला, की भांडणात तिसरं घर तुमचं. शिवाय बोलणं थांबत नाही, ते "नाना सोडून सगळे" अशा दुसऱ्या ग्रुपवर जातं. भावकी खरी तुटते ती तिथे. ओळखायचं कसं? मूळ ग्रुपवर एकाच दिवसापासून चार-पाच जणांचं साधं "शुभ सकाळ"सुद्धा थांबतं आणि लग्नाची बातमी सगळ्यांना आधीच माहीत असते.

पहिलं काम कानबाईचं वेगळं काढा. रोटासाठी नवा ग्रुप, घरागणिक एकच माणूस, म्हणजे 43 नाही, अकरा. त्यात फक्त कोण येणार, घरात किती माणसं, गहू कुणाकडे पोचवायचे एवढंच. ज्या दोन घरांतली माणसं बाहेर पडली, त्यांच्या घरातून बाहेर न पडलेलं माणूस घ्या, बहुधा वहिनी किंवा मोठा मुलगा. त्यांना लिंक पाठवू नका, फोन करून विचारा. रुसलेल्या माणसाने लिंकवर बोट ठेवायचं म्हणजे त्याने स्वतःहून परत येण्यासारखं होतं आणि ते त्याला जमत नाही.

दुसरं काम नाना. पुतण्याची माहिती बरोबर होती, पण जागा चुकली. 43 जणांत नानांचे व्याही नसतील तरी जावई असतील, सुना असतील. त्यांच्यासमोर धाकट्याने "बघून टाकत जा" म्हटल्यावर नाना व्हिडिओसाठी भांडत नव्हते, मानासाठी भांडत होते. म्हणून फोन पुतण्याने करू नये, तुम्हीही करू नका. नानांच्या बरोबरीचा, त्यांना एकेरीत हाक मारणारा एखादा माणूस शोधा. त्याने व्हिडिओचा विषय पहिल्या फोनमध्ये काढूच नये. "रोटाला तू नाहीस तर सगळ्यांना घेऊन बसणार कोण?" एवढं पुरे.

सत्य_आधी
मला हे पटत नाही. खोटं चारचौघांत सांगितलं गेलं, तर ते चारचौघांतच खोडायला हवं. 1 जुलै 2018 ला आपल्याच साक्री तालुक्यात, राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना जमावाने मारून टाकलं. त्या अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरूनच फिरत होत्या, आणि त्या पाठवणाऱ्यांत कुणाचे ना कुणाचे काका-मामाच असणार. त्याच महिन्यात कंपनीला भारतात एक मेसेज एका वेळी पाच चॅटपुरताच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घालावी लागली. मोठ्यांचा मान राखायला गप्प बसलो, तर ज्या समाजाबद्दल तो व्हिडिओ आहे, त्यांचं काय? पुतण्याने बरोबर केलं.

तापीपूर
राईनपाड्याची आठवण काढलीत ते योग्यच आहे, आणि म्हणूनच सगळे मेसेज एका मापाने मोजू नयेत. "आपल्या भागात आज टोळी आलीय, अमुक गाडी दिसली" असं काही आलं, तर मान वगैरे बघायचा नाही. त्याच मिनिटाला ग्रुपवर "हे पुढे पाठवू नका, पोलीस ठाण्यात विचारतोय" असं लिहायचं आणि 112 ला फोन करायचा. तिथे तासाभराची वाट पाहणंही जास्त.

नानांचा व्हिडिओ दुसऱ्या जातीचा आहे. जुना, दुसरीकडचा, मन कलुषित करणारा. तो खोडायचाच, पण नानांना उत्तर देऊन नाही. त्यांच्या मेसेजला धरून रिप्लाय दिला, की त्यांचं नाव वर आणि तुमचं खंडन खाली असं कायमचं चिकटतं. वेगळा मेसेज लिहा, त्यात नाव नको, विशेषण नको: "मिरवणुकीचा जो व्हिडिओ सध्या फिरतोय तो अमुक साली अमुक गावचा आहे. आपल्याकडून पुढे गेला असेल तर त्या त्या ठिकाणी कळवा." साल आणि गाव स्वतः तपासूनच लिहायचं. व्हिडिओ थांबवून एका चित्राचा स्क्रीनशॉट घ्या, गूगल लेन्सवर टाका, जुनी बातमी सापडते का पाहा. दुकानाच्या पाट्या कुठल्या भाषेत आहेत, गाड्यांच्या नंबरप्लेटवर कोणत्या राज्याची अक्षरं आहेत, एवढ्यावरूनही पुष्कळदा उलगडतं. नाही सापडलं तर "खोटं" म्हणू नका, "कुठला आहे ते कळत नाही, पुढे पाठवू नका" एवढंच म्हणा. उद्या तुमचंच खंडन चुकलं, तर पुढच्या दहा खऱ्या खंडनांवर कुणी विश्वास ठेवणार नाही.

शहादेकर
अ‍ॅडमिनने जपून राहावं. ग्रुपवर काहीही धर्माविरुद्ध आलं की पोलीस आधी अ‍ॅडमिनला उचलतात, कायदाच तसा आहे. मी तर म्हणतो ग्रुपच डिलीट करा.

वकिलीण_धुळे
हे अर्धंच खरं आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये एका प्रकरणात सांगितलंय की सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून त्याला गुन्हेगार धरता येत नाही. दोघांचा मिळून तसा इरादा होता, हे दिसावं लागतं. चौकशीला बोलावणं येऊ शकतं, ती धास्ती खोटी नाही. पण जो टाकतो आणि पुढे पाठवतो त्याची जबाबदारी त्याचीच. समाजात तेढ वाढवणाऱ्या मजकुराला आता भारतीय न्याय संहितेचं कलम 196 लागतं, पूर्वीचं 153अ. नानांना हे सांगायचं असेल तर काळजी म्हणून सांगा, धमकी म्हणून नको. आणि ग्रुप डिलीट करून काही मिटत नाही, व्हिडिओ 43 फोनमध्ये उतरलेला आहेच.

आखाजी
माझा अनुभव वेगळाय. आमच्याकडे भांडण ग्रामपंचायतीच्या पॅनलवरून पेटलं, पण मुळात बांध आणि विहिरीच्या पाण्याची पाळी होती. पक्ष, धर्म हे निमित्त. तुमच्याकडेही आधी जमिनीचं बघा.

गिरणाकाठ
आमच्याकडे वाटण्या कधीच झाल्यात, बांधाचा वाद नाही. नाना खरंच दिवसभर ते व्हिडिओ बघतात आणि त्यांना ते मनापासून खरे वाटतात.

माहेरवाशीण_अमळनेर
एक बाजू कुणी बोललंच नाही. या 43 मध्ये पंधरा-सोळा तरी बाया असतील आणि त्या साठ मेसेजांत त्यांचा एकही नसेल. पण आखाजीला माहेरी जायचं तर कोणत्या भावाकडे आधी उतरायचं, हा पेच त्यांच्यावरच येतो. नानांच्या मेसेजवर कुणी नुसता अंगठा दाखवला, तरी "ती त्यांच्या बाजूची" ठरते. त्या रात्री कुणी कशावर काय चिन्ह टाकलं, ते लोक उघडून बघतात. म्हणून भांडण चालू असताना अंगठा, हात जोडलेले, हसरा चेहरा, काहीही टाकू नये. आणि बाहेर पडलेल्या घरांना परत आणायचं तर बायकांचे फोन आधी होऊ द्या. आमच्याकडे रोटाचं दळण ठरवण्याच्या निमित्ताने जे बोलणं होतं, ते पुरुषांच्या समेटाच्या बैठकीत होत नाही.

सत्य_आधी
म्हणजे शेवटी जुळवून बायांनीच घ्यायचं, आणि नाना पुढच्या आठवड्यात आणखी एक व्हिडिओ टाकणार. अ‍ॅडमिन तो व्हिडिओ काढून टाकू शकतो ना? तेवढं तरी करा.

तापीपूर
काढता येतो, पण त्या जागी अ‍ॅडमिनने मेसेज हटवल्याची ओळ नावासकट राहते आणि ती व्हिडिओपेक्षा जास्त बोचते. नानांनी स्वतः काढलेला बरा. पाठवणाऱ्याला सगळ्यांसाठी हटवायला दोन दिवस आणि वर काही तास मिळतात, म्हणून असा फोन दुसऱ्या दिवशी सकाळीच व्हायला हवा. तुमची ती मुदत गेली. आता तो व्हिडिओ राहू द्या, वर सांगितलेला बिननावाचा मेसेज टाका.

पुढच्यासाठी नानांशी वैयक्तिक बोलणाऱ्याने त्यांना एक खूण दाखवून ठेवावी. मेसेजच्या वर दोन बाण दिसले, म्हणजे तो पाच किंवा जास्त हातांतून फिरून आलाय. 2020 पासून असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. "दोन बाण असले तर आधी मला पाठवा, मी बघून सांगतो" असं कुणी नातवाने म्हटलं तर नाना ऐकतात, कारण त्यात नातू त्यांच्याकडे येतो, त्यांना शिकवायला जात नाही.

आणि "राजकारण-धर्म नको" हा नियम पिन करून ठेवू नका. पिन जास्तीत जास्त 30 दिवस टिकतो, नंतर नियम गेला असं वाटतं. ग्रुपच्या माहितीत लिहा, आणि आत्ता नाही, कानबाई झाल्यावर. आज लिहिलात तर तो नियम नानांसाठी काढला असंच सगळे वाचतील.

सत्य_आधी
पुतण्याने माफी मागायची का? माझ्या मते नाही. खरं बोलल्याची माफी नसते.

माहेरवाशीण_अमळनेर
खरं बोलल्याची नको. "बघून टाकत जा" याची मागावी. आणि ग्रुपवर नको, घरी जाऊन.

सत्य_आधी
मग नानांनी पुतण्याच्या घराबद्दल जे लिहिलं त्याचं?

गिरणाकाठ
त्यावर आमच्या घरातही एकमत नाही. एवढं ठरलं, लिहिणं बंद करत नाही. अकरा जणांचा ग्रुप आज करतो. धाकटे आबा नानांना एकेरीत हाक मारतात, ते सकाळी फोन करतील. बाहेर पडलेल्या दोन्ही घरांच्या वहिनींना माझी आई बोलेल. एक शंका आहे, त्यांनी चुपचाप ग्रुप सोडला, ते फक्त मलाच दिसलं ना? बाकीच्यांना कळलं नसेल तर आठवडाभरात परत घालून देतो.

तापीपूर
सूचना फक्त अ‍ॅडमिनला येते, पण सदस्यांच्या यादीखाली गेल्या 60 दिवसांत सोडून गेलेल्यांची नावं कुणालाही दिसतात. सगळ्यांना माहीत आहे असंच धरून चाला. आणि न विचारता परत घालू नका, ते दुसऱ्यांदा सोडून गेले तर मग कानबाईलाही यायचे नाहीत. आधी रोटाच्या ग्रुपवर त्यांच्या घरची माणसं किती, हा आकडा येऊ द्या.