मदत हवी आहे: क्रियापदाला मेंट लावायचे, शन, अन्स की अल, हे ओळखायचे कसे?

सायंशिकवणी
नमस्कार. मी संध्याकाळी दहावीच्या आठ मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते. गेल्या आठवड्यात मी त्यांना वीस क्रियापदे दिली आणि त्यांची नामे करायला सांगितली. वर्गातल्या एका मुलीने रिफ्यूजचे रिफ्यूजमेंट, अराइव्हचे अरायव्हन्स, परफॉर्मचे परफॉर्मेशन, अबॉलिशचे अबॉलिशमेंट आणि अपडेटचे अपडेशन केले. ही मुलगी अभ्यासात मुळीच कच्ची नाही. पाचही उत्तरांवर मी फुली मारली, तेव्हा तिने शांतपणे विचारले की पनिशचे पनिशमेंट होते, इन्फॉर्मचे इन्फर्मेशन होते आणि ट्रान्सलेटचे ट्रान्सलेशन होते, तर मग माझे नेमके काय चुकले? 'पाठ कर' यापलीकडे माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि ते उत्तर देताना मलाच ओशाळल्यासारखे झाले. क्रियापद पाहून प्रत्ययाचा अंदाज बांधण्याची काही रीत आहे का, आणि असल्यास ती कितपत भरवशाची आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

अर्धविराम
माझ्या मते हे अर्थावरून ठरते. मेंट लावले की क्रियेतून निष्पन्न झालेली गोष्ट कळते, जसे अरेंजमेंट. शन लावले की प्रत्यक्ष क्रिया कळते, जसे ट्रान्सलेशन. अन्स लावले की स्थिती किंवा गुण कळतो, जसे रेझिस्टन्स. आणि अल लावले की एकदाच घडलेली घटना कळते, जसे अरायव्हल. आम्हाला महाविद्यालयात असेच शिकवले होते आणि मला ते आजवर पुरले आहे.

पाऊलवाट
ताई, अलने तर विशेषण होते ना? नॅशनल, म्युझिकल, सीझनल ही सगळी विशेषणे आहेत. मुलांना आधी तेवढे स्पष्ट केले तर अर्धा गोंधळ कमी होईल, कारण या यादीत अल मुळात यायलाच नको होता.

जुना_फळा
मी बत्तीस वर्षे शाळेत इंग्रजी शिकवले आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

पाऊलवाट, तुम्ही म्हणता तो अल नामाला लागतो. नेशन, म्युझिक, सीझन ही नामे आहेत आणि त्यांची विशेषणे होतात. सायंशिकवणी यांचा अल क्रियापदाला लागतो आणि त्याचे नाम होते. दोन्ही दिसतात सारखे, म्हणून अलच्या आधी काय उरते ते पाहावे. अरायव्हलमधून अल काढला तर अराइव्ह हे क्रियापद हाती येते.

अर्धविराम, तुमची विभागणी ऐकायला नेटकी आहे, पण तिच्यावरून प्रत्यय निवडता येत नाही. ट्रान्सलेशन म्हणजे भाषांतर करण्याची क्रिया आणि छापून आलेले भाषांतरही; पनिशमेंट म्हणजे शिक्षा करणे आणि भोगलेली शिक्षाही. अर्थाचा उपयोग होतो तो एकाच क्रियापदाची दोन नामे रूढ असतात तेव्हा. रिसाइटचे रिसायटल म्हणजे गाण्याची किंवा वादनाची मैफल, आणि रेसिटेशन म्हणजे कविता म्हणून दाखवणे. आपल्याकडे शिकवणे या एकाच क्रियापदापासून शिकवण आणि शिकवणी असे दोन शब्द झाले. शिकवणीचे पैसे द्यावे लागतात, शिकवणीत शिकवण मिळेलच असे नाही. दोन्ही शब्द रुळल्यावर त्यांनी अर्थ वाटून घेतले. प्रत्ययाने आधी अर्थ ठरवून दिला होता असे नव्हे.

आता रीत सांगतो. क्रियापदाचे शेपूट पाहावे. शेवटी आइझ किंवा इफाय असेल तर शनखेरीज दुसरा पर्याय जवळजवळ नसतोच: ऑर्गनाइझचे ऑर्गनायझेशन, क्लॅरिफायचे क्लॅरिफिकेशन. ट्रान्सलेट, क्रिएट यांच्यासारखे एट असेल तरीही बहुधा शनच. मग डोके पाहावे. सुरुवातीला एन किंवा एम हा उपसर्ग असेल तर पहिला अंदाज मेंटचा करावा: एन्जॉयमेंट, एम्प्लॉयमेंट, एन्करेजमेंट. एवढ्यावर बरीच क्रियापदे मार्गी लागतात.

अलसाठी मात्र कानाची परीक्षा आहे. ज्या क्रियापदाच्या शेवटच्या भागावर आघात असतो त्यालाच हा अल लागतो. रिफ्यूज, अराइव्ह, अप्रूव्ह, डिनाय, सर्व्हाइव्ह ही क्रियापदे मोठ्याने म्हणून पाहा. जोर शेवटावर पडतो. डेव्हलपमध्ये तो मधल्या भागावर आहे, म्हणून त्याला अल कधीच लागणार नाही. याला ठळक अपवाद बेरिअलचा, कारण बेरीमध्ये आघात पहिल्या भागावर आहे. पण तो शब्द या रीतीने झालेलाच नाही. जुन्या इंग्रजीत त्याच्या शेवटी एस होता, लोकांनी तो अनेकवचनाचा समजून गाळला आणि उरलेला शब्द अलच्या घराण्यातला दिसू लागला.

सायंशिकवणी
सर, मनापासून आभार. परंतु आमच्या मुलांना हा आघात ऐकूच येत नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही तो नेहमी येतो असे नाही. मराठीत आपण सगळे भाग जवळपास सारख्याच जोराने बोलतो आणि इंग्रजीही तसेच बोलतो. मग मुलांनी हे ओळखायचे कसे?

जुना_फळा
आपली अडचण अगदी खरी आहे. शब्दकोशात उच्चार दिलेला असतो, त्यात आघात असलेल्या भागाच्या आधी वरच्या बाजूला एक छोटी उभी रेघ असते. ती शोधण्याची सवय लावावी. दुसरी खूण स्पेलिंगमध्येच आहे, पण ती फक्त एक स्वर आणि एक व्यंजन यांनी संपणाऱ्या क्रियापदांत चालते. रेफरचा भूतकाळ लिहिताना आर दोनदा येतो, आणि ऑफरचा लिहिताना एकदाच. एलने संपणारी कॅन्सल, ट्रॅव्हल यांसारखी क्रियापदे सोडली, तर बहुधा आघात शेवटावर असेल तरच व्यंजन दुप्पट होते. म्हणून रेफरल हा शब्द आहे आणि ऑफरल नाही. ॲक्विटचे ॲक्विटल, रिबटचे रिबटल हेही याच परीक्षेत बसतात. भूतकाळाची रूपे मुलांना पाठ असतात, त्यांचा असा दुहेरी उपयोग होतो.

आता तुमच्या विद्यार्थिनीचे पहिले उत्तर घेऊ. रिफ्यूजला आइझ, इफाय, एट यांपैकी काही नाही आणि सुरुवातीला एन-एमही नाही. आघात शेवटावर आहे, म्हणून अल शक्य आहे. मात्र शक्य म्हणजे नक्की नव्हे, हे मुलांना जरूर सांगावे. अम्यूज, ॲक्यूज आणि कन्फ्यूज यांचाही आघात शेवटावरच आहे, तरी त्यांची नामे अम्यूजमेंट, ॲक्युजेशन आणि कन्फ्यूजन अशी होतात. आघाताची परीक्षा चुकीचा अल बाद करते. बरोबर प्रत्यय हातात ठेवत नाही.

टेबल_क्रमांक_चार
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. आमच्या कार्यालयात गेली कित्येक वर्षे 'डेटा अपडेशन' आणि 'अपग्रेडेशन' हेच शब्द टिपणीत लिहिले जातात. नव्या साहेबांनी माझ्या मसुद्यातल्या अपडेशनखाली लाल रेघ ओढून तो परत पाठवला. पत्र आता पुन्हा कोणत्या शब्दाने लिहावे? मेंट-अन्सशी मला कर्तव्य नाही, पण मसुदा आज सायंकाळपर्यंत द्यायचा आहे.

जुना_फळा
'डेटा अपडेट' लिहा, किंवा काम चालू आहे असे म्हणायचे असेल तर 'अपडेटिंग' लिहा. लाल रेघ येणार नाही.

आणि सायंशिकवणी, तुमच्या विद्यार्थिनीच्या शंकेचे उत्तर यातच आहे. ट्रान्सलेट, क्रिएट यांच्यातले एट हे लॅटिनमधून आलेले क्रियापदाचे शेपूट आहे आणि शन त्या शेपटाला जोडला जातो. अपडेटमध्ये तसे शेपूटच नाही. तिथे अप आणि डेट हे दोन शब्द एकत्र आले आहेत आणि त्यातला डेट म्हणजे तारीख. मुलीने शेवट पाहिला, तो सारखा दिसला आणि ती फसली. परफॉर्मचेही तेच झाले. इन्फॉर्म आणि ट्रान्सफॉर्म यांच्यात फॉर्म खरोखर आहे, म्हणून इन्फर्मेशन, ट्रान्सफर्मेशन. परफॉर्म हा शब्द जुन्या फ्रेंचमधल्या वेगळ्याच क्रियापदावरून आला आणि फॉर्मशी साम्य वाटून लोकांनी त्याचे रूप बदलले. त्याचे नाम परफॉर्मन्स होते. तिची तर्कबुद्धी शाबूत आहे. शब्दांनी सोंग घेतले होते.

अर्धविराम
सर, अर्थाबाबत मी माघार घेतो, पण अपडेशनबाबत घेणार नाही. जो शब्द भारतातल्या असंख्य कार्यालयांत रोज लिहिला जातो आणि ज्याचा अर्थ कोणालाही विचारावा लागत नाही, तो चूक कसा? प्रीपोन हाही आपल्याकडेच रुळलेला शब्द आहे आणि आता इंग्रजांचे शब्दकोशही त्याची नोंद घेतात.

जुना_फळा
रुळला आहे हे मला मान्य आहे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत मात्र मी आजही त्याला गुण दिले नसते. इथे आपले जमेल असे वाटत नाही.

पाऊलवाट
मी आधी विशेषणाचे म्हणालो ते चुकले. पण सरांनी एट असेल तर शन म्हटले, आणि टॉलरेटचे तर टॉलरन्स होते.

जुना_फळा
बरोबर पकडलेत. टॉलरेशन हाही शब्द आहे, पण रोजच्या वापरात टॉलरन्स पुढे गेला. म्हणूनच तिथे मी 'बहुधा' म्हटले होते.

सायंशिकवणी
काल ही रीत वर्गात वापरून पाहिली. शेपूट आणि डोके मुलांना लगेच जमले. भूतकाळातल्या दुहेरी व्यंजनाची खूण तर त्यांना खेळासारखी वाटली आणि त्यांनी स्वतःहून डिफरल शोधून काढले. नंतर मी मेंटेन, रिटेन आणि एंटरटेन ही तीन क्रियापदे दिली आणि सगळा डाव मोडला. तिन्हींचे शेपूट एक आणि आघातही एकाच जागी, तरी नामे मेंटेनन्स, रिटेन्शन आणि एंटरटेनमेंट. यामागे काही कारण आहे का?

शिवाय अबॉलिशमेंटचे राहिलेच. पनिश, एस्टॅब्लिश, नरिश या सगळ्यांना मेंट लागते, मग अबॉलिशला का नाही, असे ती अजून विचारते आहे.

जुना_फळा
अबॉलिशबाबत ती निम्मी बरोबर आहे. इशने संपणारी अशी क्रियापदे फ्रेंचमधून आली आणि त्यांना बहुतेक वेळा मेंटच लागते. परंतु अबॉलिशन आणि डेमोलिशन ही नामे लॅटिनमधून तयारच आली, त्यामुळे मेंटला जागा उरली नाही. अबॉलिशमेंट मोठ्या शब्दकोशांत सापडते, फक्त ते फारसे कोणी वापरत नाही. त्या फुलीवर तुम्ही फेरविचार करावा असे मला वाटते.

टेनच्या घराण्याला मात्र माझ्याकडे रीत नाही. ही सारी 'धरणे' या अर्थाच्या एकाच लॅटिन क्रियापदाची लेकरे आहेत, पण ती इंग्रजीत वेगवेगळ्या काळी आली आणि प्रत्येकाचे नाम आपापल्या वाटेने आले. मी वर्गात त्यांचे तीन गट फळ्यावर लिहून ठेवत असे: मेंटेन आणि सस्टेन अन्सचे, रिटेन आणि डिटेन शनचे, एंटरटेन आणि कंटेन मेंटचे. पहिल्या दोन गटांत टेनमधला स्वर बदलून ऱ्हस्व होतो, तिसऱ्यात तो जसाच्या तसा राहतो, एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवायला बरी पडते.

सायंशिकवणी
फुली खोडून अर्धा गुण दिला. तिने लगेच विचारले की ऑब्टेन कोणत्या गटात? मी शब्दकोश उघडून बसले आहे.