अनुभव धागा: "छपरी म्हणजे बाल्कनी का?" आजोबांचं १९९६ चं पत्र

संत्राबर्फी

काल सीताबर्डीच्या सिग्नलला थांबलो होतो. शेजारच्या गाडीवर रंगवलेल्या केसांचा एक पोरगा होता. माझा १४ वर्षांचा लेक मागून म्हणाला, "आई, बघ नं, केवढा छपरी आहे." मी त्याला काही बोलले नाही, कारण माझं मन भलतीकडंच गेलं होतं. घरी आल्या आल्या कपाटाच्या खणातून आजोबांचं पत्र काढलं.

१९९६ मध्ये आजोबा अमेरिकेला मोठ्या काकांकडे राहत होते. मी ११ वर्षांची. महालातलं घर विकून आम्ही फ्लॅटमध्ये आलो तेव्हा मी पाळण्यात होते, म्हणजे ते घर मला काहीच आठवत नाही. मी त्यांना लिहिलं होतं, "बाबा म्हणतात उन्हाळ्यात सगळे छपरीत झोपायचे. छपरी म्हणजे बाल्कनी का?" त्याला उत्तर म्हणून निळं एरोग्राम आलं, घडीच्या पट्टीवरसुद्धा जागा न सोडता लिहिलेलं. थोडं उतरवते:

"चि. ठमे, छपरी म्हणजे बाल्कनी नव्हे. बाल्कनीच्या खाली हवा असते, छपरीच्या खाली जमीन. घराच्या पुढच्या भिंतीला टेकवून वेगळं एकपाखी छप्पर उतरवायचं, त्याला पुढून खांब द्यायचे, की झाली छपरी. घराला दार असतं, छपरीला नसतं. एवढं लक्षात ठेवलंस की बाकीचं आपोआप समजेल. दार नाही म्हणून कोणीही येऊन बसायचं. पाणी मागायचं, बिडी ओढायची, उठून जायचं. आत कोण आहे नाही, त्याला विचारायची गरज नसायची."

पुढं त्यांनी छपरीचं बाजूनं चित्र काढलंय आणि हातात मापं घातलीत. भिंतीपासून वळचणीपर्यंत ५ हात. भिंतीपाशी छपराची उंची ७ हात. वळचणीची उंची मात्र नेमकी घडीवर आलीय आणि तिथली शाई उडून गेलीय. "४" असेल किंवा "४॥" असेल. बाबांना विचारलं, तर ते म्हणतात मला वाकावं लागायचं, एवढंच आठवतं.

तुम्हाला कोणा आजी-आजोबांनी असा एखादा शब्द समजावून सांगितलाय का? लिहा.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्या इकडं सपरी म्हणतात, छपरी नाही. आजी म्हणायची "सपरीत बस नं बापा, मी आलीच." पत्र वाचून लय बरं वाटलं.

नीलमोहर

छपरी म्हणजे ओसरीच ना? आमच्या पुण्याच्या आजोळी ओसरी होती, तिथेच झोपाळा.

जुना_ठेकेदार

@नीलमोहर, जवळचंच आहे, पण एक नाही. ओसरी बहुतेक करून घराच्या मुख्य छपराखालीच असते, वाड्यात तर चौकाच्या बाजूनं. आपल्याकडची छपरी मागून जोडलेली, तिचं छप्पर वेगळं. म्हणून घर पाडताना छपरी आधी उतरवता येते, घराला धक्का लागत नाही. मी अशा कितीतरी उतरवल्या आहेत. गावागावात लोक शब्दांची अदलाबदल करतात, त्यामुळे तुमच्या आजोळी ओसरी म्हणत असतील तर ते चूक नाही.

संत्राबर्फी ताई, छपरीचं तोंड कुठल्या दिशेला होतं, पत्रात लिहिलंय का?

पळसफूल

कोणाला नागपूरजवळ देशी कवेलू कुठं मिळतात माहीत आहे का? उमरेड रोडला शेतावर खोली बांधतोय. इंग्रजी कवेलू नको, गोल हवेत.

संत्राबर्फी

@जुना_ठेकेदार, हो, लिहिलंय. हा भाग मला सगळ्यात आवडतो:

"आपल्या छपरीचं तोंड दक्षिणेला. मे महिन्यात सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा ऊन वळचणीखालीच थांबायचं, आत पाऊल टाकायचं नाही. डिसेंबरात दुपारी मात्र ते आत चालत यायचं आणि भिंतीपासून एक हातावर थांबायचं. त्या एका हाताच्या सावलीत तुझी पणजी लोणच्याची बरणी ठेवायची आणि उन्हात स्वतः बसायची. इथं काकांच्या घरापुढं पोर्च आहे. त्याला छप्पर आहे, खांब आहेत, सगळं आहे. पण तीन महिन्यांत तिथं कोणी येऊन बसलं नाही. म्हणून मी त्याला छपरी म्हणत नाही."

सोनकी

शेवटच्या दोन ओळी वाचून डोळे भरून आले. माझी आई सध्या बहिणीकडे सिडनीला आहे. आज लगेच फोन करते.

रात्रपाळी

लेकाला एक सांगा ताई. छपरी हा शब्द शिवीसारखा वापरतात तो छप्परबंद या जमातीवरून आला असं बरेच जण म्हणतात. गवताची छपरं शाकारणारे लोक. आपल्या राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत छप्परबंद आहेत. माझा वर्गमित्र त्यांच्यातला. शाळेत पोरं हा शब्द वापरायची तेव्हा तो मान खाली घालून बसायचा.

वऱ्हाडी_ठेचा

मला तर वाटे छपरीत पडून राहणारा रिकामटेकडा म्हणून छपरी. खरं काय ते भाषेवाल्यांनी सांगावं.

रात्रपाळी

@वऱ्हाडी_ठेचा, उगम कुठलाही असो, ऐकणाऱ्याला लागतं तेवढंच लागतं.

कढीगोळे

सिडनीला आत्ता किती वाजले असतील? माझा भाऊपण तिकडेच आहे. @सोनकी, आईंना तिथली थंडी सोसते का? आमच्या आईला गुडघ्यांचा फार त्रास झाला होता.

इंदोरा_ते_इतवारी

एक वेगळं सांगतो, राग मानू नका. "कोणीही येऊन बसायचं" हे वाचून थांबलो. आमचे आजोबा काटोलकडच्या एका गावचे. मालगुजाराच्या छपरीत त्यांना कधी बसू दिलं नाही. ते वळचणीच्या बाहेर अंगणात उभे राहायचे, पाऊस असला तरी. छपरावरून पडणाऱ्या पागोळ्या आपल्या पाठीवर कशा पडायच्या, ते सांगायचे. १९५६ ला ते दीक्षाभूमीवर होते. नंतर नागपुरात घर बांधलं तेव्हा सगळ्यात आधी छपरी काढली, खोली मागून. म्हणायचे, माझ्या छपरीत कोणी उभं राहायचं नाही, प्रत्येकानं बसायचं. आमच्याकडे हा शब्द मी त्यांच्याकडून असा शिकलो.

संत्राबर्फी

@इंदोरा_ते_इतवारी, राग कसला दादा. तुमचं वाचल्यावर पत्रातलं ते "कोणीही" पुन्हा वाचलं. आमच्या छपरीत खरंच कोण कोण बसायचं हे मी कधी विचारलंच नाही. संध्याकाळी बाबांना विचारलं, ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पाण्याचा तांब्या वेगळा होता." पत्रात हे नाही. पण लेकाला पत्र वाचून दाखवीन तेव्हा तुमच्या आजोबांची छपरीही सांगेन.

इंदोरा_ते_इतवारी

🙏 बाबांनी सांगितलं, हे मोठं आहे.

जुना_ठेकेदार

ताई, तुमची उडालेली शाई सापडली. नागपुरात डिसेंबरच्या शेवटी बारा-सव्वाबाराला माणसाची सावली जवळजवळ त्याच्या उंचीएवढीच पडते. कोणीही अंगणात उभं राहून बघावं. म्हणजे वळचण जितकी उंच, तितकंच ऊन आत येणार. छपरी ५ हात, ऊन भिंतीपासून १ हातावर थांबायचं, म्हणजे ४ हात आत यायचं. म्हणून वळचण ४ हात. साडेचार असती तर ऊन अर्ध्या हातावर गेलं असतं आणि पणजींची बरणी तापली असती.

दुसऱ्या बाजूनंही ताळा बसतो. भिंतीपाशी ७, वळचणीला ४, म्हणजे ५ हातांत ३ हातांचा उतार. देशी कवेलूला एवढा उतार लागतोच. याहून कमी ठेवला की जोरदार पावसात पाणी पन्हळीतून उलटं चढून आत गळतं, जास्त ठेवला की कवेलू सरकतात.

@पळसफूल, तुम्हीही हे ध्यानात घ्या. आधी उतार ठरवा, मग कवेलू शोधा. गोल कवेलू खालचा उताणा आणि वरचा पालथा असा बसतो, आणि दरवर्षी पावसाआधी फेरावा लागतो. माकडं नाचतात, कडूनिंबाचा पाला उताण्या कवेलूत साचतो, तिथं पाणी अडतं आणि बाजूनं घरात उतरतं. फेरताना वरून काढत यायचं आणि रचताना वळचणीपासून वर जायचं, कारण वरचा कवेलू खालच्यावर चढलेला असतो. फेरणारा माणूस आधी शोधा. कवेलू मिळतात, तो मिळत नाही.

पळसफूल

दरवर्षी? हे माहीतच नव्हतं. म्हणजे खोलीला पत्रा आणि पुढं फक्त छपरीला कवेलू, असं करता येईल का?

जुना_ठेकेदार

येईल. छपरीचं काम माणूस जमिनीवर घोडी लावूनही करू शकतो.

संत्राबर्फी

काका, अंगावर काटा आला. ४ हात म्हणजे ६ फूट ना? बाबा ६ फूट १ इंच आहेत. वाकावं लागायचं ते यामुळेच!

नीलमोहर

वा! पण वळचणीखाली लाकडांची टोकंही लोंबत असतील, मग आणखी कमी होईल ना?

जुना_ठेकेदार

@नीलमोहर, बरोबर. आजोबांनी माप कवेलूच्या कडेपर्यंत घेतलं की फाट्याच्या खालपर्यंत, ते पत्रावरून कळणार नाही. चार बोटं इकडे तिकडे धरा.

तान्हापोळा

आमचा लाकडी नंदी छपरीतच बांधलेला असायचा. तान्ह्या पोळ्याला धुऊन सजवायचा आणि घरोघरी न्यायचा. आता तो पार्किंगमध्ये ठेवतो, त्याचं एक शिंग तुटलं. नागपुरात नंदीची शिंगं बसवणारं कोणी आहे का?

सोनकी

आईशी बोलले. तिला विचारलं, छपरी आठवते का? ती म्हणाली, "कवडसे." एवढंच, आणि हसली. कुणी सांगाल का, छपरी आणि कवडसे यांचा काय संबंध?

संत्राबर्फी

@सोनकी, अगं, पत्राच्या पट्टीवर हेच आहे! एवढं उतरवून पोळ्या करायला जाते:

"मे महिन्यात भर दुपारी छपरीत उताणं पडून वर बघायचं. छपरात जिथं फट असेल तिथून उन्हाचा कवडसा जमिनीवर पडतो. आम्ही पोरं प्रत्येक कवडशाभोवती कोळशानं गोल काढायचो, आणि तुझे पणजोबा गोल मोजून तेवढे कवेलू आणायचे. एका वर्षी मी दोन गोल उगाच जास्त काढले, तर दोन कवेलू उरले. ते कितीतरी वर्षं तुळशीपाशी होते. आता तुमच्या फ्लॅटला कवडसे पडत नसतील. तरी पत्र मिळालं की एकदा उताणी पडून वर बघ आणि काय दिसतं ते मला कळव."

सोनकी

आईला वाचून दाखवलं. ती म्हणतेय, तुम्ही काय कळवलं होतं आजोबांना?

संत्राबर्फी

पंखा दिसतो, असं.