9 वॉटचा एलईडी लावला तरी स्वयंपाकघर अंधारं. किती वॉटचा घेऊ?

मृण्मयी_के: स्वयंपाकघरातला दिवा गेला म्हणून 9 वॉटचा एलईडी बल्ब आणला. खोक्यावर '60 वॉटच्या बरोबरीचा' असं छापलंय आणि जुना तर 40 वॉटचाच होता. उजेड वाढायला हवा, उलट भाजी चिरताना नीट दिसत नाही. संध्याकाळी दुकानात जातेय. किती वॉटचा मागू, पटकन सांगा.

तारवाला: आधी नक्की काय होतं, पिवळा बल्ब की ट्यूब? नव्या खोक्यावर ल्यूमेन किती लिहिलेत?

बापू_साताराकर: पिवळसर रंगाचा आणला असणार. 6500 केल्विनचा पांढराशुभ्र घ्या, दुप्पट उजेड पडतो.

मृण्मयी_के: बापू, पांढराच आहे. आधी 4 फुटी ट्यूब होती. पण 40 वॉट म्हणजे 40 वॉटच ना? खोक्यावर बारीक अक्षरात 810 ल्यूमेन दिसतंय.

तारवाला: सगळा घोळ तिथेच आहे. वॉट म्हणजे दिवा वीज किती खातो ते, उजेडाचा आकडा ल्यूमेनचा. खोक्यावरची बरोबरी तारेच्या पिवळ्या बल्बशी आहे. तो 60 वॉट खाऊन साधारण 700 ल्यूमेन द्यायचा, बाकीची वीज उष्णतेत जायची. तेवढ्यापुरतं खोकं खरं आहे. पण 40 वॉटची ट्यूब चांगली असताना 2400 च्या आसपास देते. तुमचा उजेड एक तृतीयांशावर आला. वॉट सांगूच नका, 2000 ल्यूमेनची 4 फुटी एलईडी बॅटन मागा. ट्यूबचा बराच उजेड वर छताकडे जायचा, बॅटन तो खाली टाकते, म्हणून 2000 पुरतात. आणि बापू, पांढरा डोळ्यांना प्रखर वाटतो, पण ल्यूमेन फारसे वाढत नाहीत.

बापू_साताराकर: मग सरळ वॉटला 100 ने गुणा, झालं!

तारवाला: अंदाजाला ठीक. पण त्याच 9 वॉटमध्ये एक बल्ब 720 देतो, दुसरा 1000. छापलेला आकडाच बघावा.

नीलिमा_ताई: आमच्या न्हाणीघरातला एलईडी बटण बंद केल्यावरही मिणमिणतो. तोही कमी वॉटचा म्हणून का?

तारवाला: ताई, बटणात लाल इंडिकेटर आहे का? असल्यास त्यातून झिरपणारी वीज बल्बला पुरते. नसेल तर वायरिंग तपासून घ्या.

सुगरण_७१: मृण्मयी, बल्ब कुठे लावलायस? ट्यूब ओट्याच्या वरच्या भिंतीवर होती आणि बल्ब खोलीच्या मधोमध असेल तर तुझी सावलीच विळीवर पडणार. ल्यूमेन कितीही वाढव. मी तर ओट्यावरच्या कपाटाखाली छोटी पट्टी लावून मोकळी झाले.

तारवाला: पट्टीने ओटा उजळेल, गॅसमागचा कोपरा नाही. आधी बॅटन.

सुगरण_७१: रोज चिरणं ओट्यावर होतं, कोपऱ्यात नाही.

मृण्मयी_के: बल्ब मधल्या होल्डरलाच आहे, ट्यूब भिंतीवर होती. तिची पट्टी अजून तिथेच आहे, चोकसकट. बॅटन त्याच पट्टीत बसेल का?

तारवाला: नाही, बॅटनला स्वतःची पट्टी असते. जुनी चोकसकट काढून वायर थेट बॅटनला द्यायची. मेन बंद करून, वायरमनकडून.