मदत हवी आहे: कॅल्गरीत आल्यापासून चेहऱ्याची सालं निघतायत, ग्लिसरीन-गुलाबजल काहीच काम करत नाहीये

मृणाल_रामबाग (१२ जानेवारी)
इंदूरची आहे, ऑक्टोबरपासून कॅल्गरीत. गालांवर पांढरी सालं, नाकाच्या बाजूला भुगा, ओठ फाटलेत आणि चेहरा राखेसारखा निस्तेज दिसतोय. आई दर हिवाळ्यात ग्लिसरीन-गुलाबजल करून द्यायची, तेच इथे रोज रात्री लावते. उलट वाढलंय! सकाळी गाल इतके ताणलेले असतात की हसलं तरी चुरचुरतं. पाणी भरपूर पिते, त्यामुळे ते सांगू नका. १ फेब्रुवारीला भावाचा साखरपुडा आहे, २८ ला निघतेय. लवकर सांगा प्लीज.

काकू_सुदामानगर
अगं बाळा, साय आणि बेसन. अंघोळीआधी चांगलं रगडून काढ, सगळी सालं निघून जातील. मग वरून खोबरेल. मी साठीची आहे, आजतागायत दुसरं काही लावलेलं नाही.

संजय_मेडिकल
मृणाल, पाणी त्वचेच्या आत जायला हवं. हायलुरॉनिक ॲसिडचं सीरम घे, दिवसातून तीनदा लाव. माझ्या दुकानातून परदेशी जाणारी कितीतरी मुलं घेऊन जातात. ग्लिसरीन जुनं झालं.

वसंत_जुनी_पलासिया
माझ्या टाचांना डिसेंबरात भेगा पडतात, कोकम तेलाची वडी कोमट करून भरतो आणि मोजे घालून झोपतो. चार दिवसांत फरक. ओठांनाही चालतं. पण टाचेची एक भेग तीन आठवडे झाले भरत नाहीये, त्यावर कोणाला काही ठाऊक आहे का?

मेधा_एडमंटन
मृणाल, मी इंदूरच्याच लोकमान्य नगरची. तेरा वर्षं एडमंटनमध्ये आहे आणि त्वचेच्या दवाखान्यात नर्स आहे. आधी चार गोष्टी सांग. चेहरा कशाने धुतेस? पिंपल्ससाठी काही लावतेस का? खोलीत गरम हवेची जाळी कुठे आहे? आणि ओठांना काय लावतेस?

काकू, रागावू नका, पण आत्ता तिने बेसन रगडू नये. सालं निघतायत म्हणजे वरचा थर आधीच उसवलाय. तो घासून काढला की खालचा कच्चा थर उघडा पडेल आणि दोन दिवसांत आणखी सालं येतील.

मृणाल_रामबाग
फेसवॉश इंदूरहून आणलेलाच, हिरवा, फेसाचा, सॅलिसिलिक ॲसिडवाला. दिवसातून दोनदा. पिंपल्सना तिथल्या डॉक्टरांनी दिलेलं ॲडापॅलीन जेल, रोज रात्री. ते तर दोन वर्षं लावतेय, त्याचा काय संबंध? बेसमेंटमध्ये भाड्याने राहते, जाळी पलंगाच्या बरोबर वर छतात आहे. ओठांना थंडगार वाटणारा पुदिन्याचा बाम, पंधरा-वीस वेळा तरी लावते.

मेधा_एडमंटन
संबंध सगळा इथेच आहे. ग्लिसरीन वाईट नाही, पण त्याचा स्वभाव समजून घे. ते आजूबाजूचं पाणी ओढून धरतं. इंदूरला आपण घर तापवत नाही, म्हणून आत बाहेरचीच हवा असते आणि डिसेंबरातही तिच्यात ग्लिसरीनला ओढायला बऱ्यापैकी ओल असते. कॅल्गरीत बाहेर उणे २० असेल तर त्या हवेत घनमीटरमागे जेमतेम १ ग्रॅम वाफ मावते. तीच हवा फर्नेस २२ अंशांपर्यंत तापवतो, जिथे १९ ग्रॅम मावू शकते. म्हणजे नुसती तीच हवा असती तर आर्द्रता ५ टक्क्यांच्या आसपास राहिली असती. स्वयंपाक, अंघोळ आणि आपला श्वास यांनी ती थोडी वाढते, एवढंच. अशा हवेत ग्लिसरीनला बाहेरून काही मिळत नाही, मग ते तुझ्याच त्वचेच्या खालच्या थरातलं पाणी वर ओढतं आणि ते उडून जातं. संजयदादा, हायलुरॉनिकचंही तेच. वर झाकण घातलं नाही तर तीनदा लावून तिप्पट कोरडं.

संजय_मेडिकल
ताई, कंपनीच्या पत्रकात असं कुठे लिहिलेलं नाही. ओल्या चेहऱ्यावर लावलं तर चालतं.

मेधा_एडमंटन
ओल्या चेहऱ्यावर हे बरोबर आहे, पण अर्धंच. त्यावर लगेच क्रीम हवं.

मृणाल, ॲडापॅलीन इंदूरला सोसलं कारण तिथे हवेने साथ दिली. त्यात सॅलिसिलिकचा फेस दोनदा. एक सोपी खूण बघ. चेहरा धुऊन काहीही न लावता पंधरा मिनिटं बस. त्वचा ओढल्यासारखी झाली तर ते फेसवॉश तुझ्यासाठी इथे जड आहे.

मी असं करेन. जेल दोन आठवडे बंद, पण देणाऱ्या डॉक्टरांना फोन करून विचार. सकाळी नुसतं कोमट पाणी. रात्री बिनवासाचा, फेस न येणारा क्लेन्झर. चेहरा टॉवेलने कोरडा न करता टिपून घ्यायचा आणि ओलसर असतानाच, मिनिटभरात, सेरामाइडचं घट्ट क्रीम बोटाच्या पेरभर लावायचं. तुझं ग्लिसरीन वापरायचंच असेल तर एक भाग ग्लिसरीनला तीन भाग गुलाबजल, क्रीमच्या आधी, तीन-चार थेंब. सगळ्यात शेवटी जिथे सालं आहेत तिथेच हरभऱ्याच्या दाण्याएवढी पेट्रोलियम जेली चोळून पातळ करायची. पूर्ण चेहऱ्यावर नको, पिंपल्स येतील.

काकू_सुदामानगर
आणि खोबरेल?

मेधा_एडमंटन
काकू, झाकण म्हणून तेही चालतं. पण २४ अंशांखाली ते गोठतं, तिच्या खोलीत दगड होईल, आणि पिंपल्सवाल्या चेहऱ्याला ते बरेचदा सोसत नाही. हातापायांना खुशाल लावू दे.

अनिकेत_व्ही
निस्तेजपणासाठी व्हिटॅमिन सी सीरम. माझी बायको बंगळुरूला लावते, आठ दिवसांत रंग उजळला.

मेधा_एडमंटन
तिने रंगाचं विचारलेलं नाही. सालं पडलेल्या खडबडीत त्वचेवरून प्रकाश विखुरतो, म्हणून ती राखेसारखी दिसते. सालं गेली की तेज परत येतं. उसवलेल्या त्वचेवर व्हिटॅमिन सी झोंबेल.

मृणाल_रामबाग
आत्ता धुऊन बसले होते, दहाव्या मिनिटालाच गाल खेचायला लागले. आज दुकानातून आर्द्रता मोजायचं यंत्रही आणलं. पलंगाशी १४ दाखवतंय! आणि एक गोष्ट लक्षात आली. मी उजव्या कुशीवर झोपते आणि डावा गाल जास्त खराब आहे. वरून जाळीची हवा रात्रभर त्याच गालावर येते.

मेधा_एडमंटन
शाब्बास, हे मी इथून कधीच ओळखलं नसतं. पलंग सरकव, किंवा जाळीला हवा वळवायचा प्लास्टिकचा आडोसा मिळतो तो लाव. जाळी पूर्ण बंद करू नकोस, घरमालकाला विचार. ह्युमिडिफायर पलंगापासून लांब ठेव. आकडा ३० ते ३५ पुरे. कॅल्गरीचं पाणी जड आहे. अल्ट्रासॉनिक यंत्रात नळाचं पाणी घातलंस तर सगळ्यावर पांढरी पूड बसते, म्हणून डिस्टिल्ड पाणी घाल आणि टाकी रोज धू.

संजय_मेडिकल
ताई, ५० का नाही? जितकी ओल जास्त तितकं बरं.

मेधा_एडमंटन
दादा, बाहेर उणे २५ असताना आत ५० ठेवलं तर काचांवर पाणी वाहतं, खिडकीच्या चौकटीत बुरशी धरते. बेसमेंटमध्ये तर लवकरच.

आता ओठ. मृणाल, पुदिन्याचा बाम थंड लागतो तो मेंथॉलमुळे, आणि मेंथॉल फाटलेल्या ओठाला डिवचतो. म्हणून दर अर्ध्या तासाने परत लावावासा वाटतो. तो टाक. साधी पेट्रोलियम जेली किंवा वसंतकाकांचं कोकम तेल, त्याला वास नसतो आणि ते अंगाच्या उबेने मऊ होतं. झोपताना जाडसर थर. जीभ फिरवतेस का ओठांवर? आणि टूथपेस्ट कोणती?

मृणाल_रामबाग
जीभ फिरवते, हो. टूथपेस्ट इथली, दालचिनीच्या चवीची. तिचं काय?

मेधा_एडमंटन
ओठांच्या कडेबाहेर, हनुवटीपर्यंत लालसर आणि जळजळ आहे का? दालचिनीच्या वासद्रव्याची काही लोकांना ॲलर्जी असते आणि ती नेमकी ओठांवर दिसते. जीभ फिरवण्यानेही तशीच लाली येते, म्हणून इथून मी ठरवू शकत नाही. दोन आठवडे बिनचवीची टूथपेस्ट वापर. फक्त तोंडाच्या कोपऱ्यातच चीर असेल तर ते वेगळं, तिथे बुरशी किंवा लोह-जीवनसत्त्वांची कमतरता असू शकते. तिथे बाम कितीही लावला तरी भरत नाही.

वसंत_जुनी_पलासिया
कोकम तेल नाव घेतलंत, बरं वाटलं. माझ्या टाचेचं मात्र राहिलंच.

मेधा_एडमंटन
काका, तीन आठवडे न भरणारी भेग आणि साखर असेल तर आजच डॉक्टरांना दाखवा. साखर आहे का?

वसंत_जुनी_पलासिया
आहे. उद्या जातो.

मृणाल_रामबाग (२४ जानेवारी)
बारा दिवस झाले. जेल बंद आहे, डॉक्टरांनी हो म्हटलं. फेसवॉश बदलला, पलंग भिंतीशी सरकवला, आर्द्रता ३१-३२ वर. सहाव्या दिवशी डाव्या गालाची सालं थांबली, आता हात फिरवला तर मऊ लागतो. काल पहिल्यांदा ऑफिसमध्ये कोणीतरी "थकलीस का" विचारलं नाही! ओठांची जळजळ टूथपेस्ट बदलल्यावर चौथ्या दिवशी कमी झाली, पण बामही त्याच दिवशी बंद केला होता, त्यामुळे कशामुळे ते कळत नाही.

नाकाच्या बाजूचा भुगा मात्र तसाच आहे, भुवयांतही आलाय. क्रीम लावलं की दोन तासांत परत, पिवळसर आणि जरा तेलकट.

मेधा_एडमंटन
पिवळसर, तेलकट, नाकाची बाजू आणि भुवया हे कोरडेपण वाटत नाही. केसांतला कोंडा चेहऱ्यावर उतरतो तसा प्रकार असू शकतो, सेबोऱ्हिक डर्मटायटिस. त्याला क्रीम पुरत नाही, बहुधा बुरशीविरोधी औषध लागतं. डोक्यात कोंडा आहे का? अल्बर्टात फार्मसिस्टलाही काही औषधं लिहून देता येतात, निघण्याआधी एकदा दाखव. जेली त्या जागी लावू नकोस.

मृणाल_रामबाग
कोंडा आहे, आल्यापासून वाढलाय. मला वाटलं तोही हवेमुळेच. सोमवारी फार्मसीत जाते. ताई, इंदूरला पोचल्यावर हे जड क्रीम लावत राहू का, तिकडे तर दुपारी २५-२६ अंश असतील?

मेधा_एडमंटन
तिथे जेली बंद, क्रीम रात्रीच. विमानात मात्र दोन्ही जवळ ठेव, तिथली हवा तुझ्या बेसमेंटच्या आधीच्या हवेइतकीच कोरडी असते. आणि ते जेल साखरपुड्याच्या आठवड्यात परत सुरू करू नकोस.

काकू_सुदामानगर
आलीस की रामबागेत येते मी, गाल बघायला.