सावली कापण्याआधी: बाटलीच्या उदाहरणाने

«फोटोतून वस्तू कापताना तिची मऊ सावली म्हणजे पार्श्वभूमीच ना? मग पूर्ण कापून टाकतो.»

पूर्ण कापू नये असे माझे मत आहे, कारण बुडाला टेकलेली गडद कड गेली की वस्तू हवेत तरंगते. म्हापशातल्या एका विक्रेत्यासाठी पांढऱ्या कागदावर टिपलेली काजू फेणीची बाटली पिवळ्या जाहिरातीवर बसवायची होती. सावली बाटलीसोबतच कापली, तर तिच्यात मिसळलेला कागदाचा पांढरा रंगही सोबत येतो आणि पिवळ्यावर राखाडी डाग उठतो. म्हणून सावलीचा वेगळा थर करून, लेव्हल्स या उजळ-गडद बदलणाऱ्या साधनाने कागद शुद्ध पांढरा होईपर्यंत उजळवून, तो थर मल्टिप्लाय मोडमध्ये ठेवावा, ज्यात पांढरे दिसेनासे होते आणि गडद भाग खालचा रंग गडद करतो. मात्र पारदर्शक PNG मध्ये मल्टिप्लाय टिकत नाही. तिथे सावलीचा गडदपणा काळ्या रंगाच्या अपारदर्शकतेत उतरवावा लागतो.